पॅचनंतर डेक हरायला लागला तर: हार्थस्टोनमधल्या माना कर्व्हची क्रमवार तपासणी

कार्डांची किंमत आणि ताकद बदलणारा बॅलन्स पॅच आला की पुढचे काही दिवस हार्थस्टोन हा ब्लिझार्डचा ऑनलाइन पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्यांकडून एकच तक्रार ऐकू येते: परवापर्यंत जिंकणारा डेक आज चालेना. मग घाईघाईत सहा-सात कार्डं बदलली जातात, कार्डं घडवायला लागणारी डस्ट खर्च होते आणि डेक आणखी बिघडतो. बिघाड बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असतो आणि तो शोधायला आधी एक पैसाही लागत नाही.

आधी लक्षण ओळखा, कारण कुठून तपासायचं ते त्यावरून ठरतं.

- गेम सुरू होताना दिसणारा खास परिणाम दिसत नाही. दर टर्नला वापरता येणारी हिरोची स्वतःची ताकद, म्हणजे हिरो पॉवर, १ मानाला मिळायची, ती आता २ मागते.
- पहिल्या चार-पाच टर्नमध्ये कार्डं खेळायला मिळणाऱ्या एक-दोन माना वारंवार न वापरता जातात, किंवा दोन महागडी कार्डं हातात अडकून बसतात.
- डेकातल्या एकाही कार्डाला पॅचने हात लावलेला नाही, तरीही हार वाढली आहे.

पहिलं लक्षण असेल तर पहिल्याच तपासणीत उत्तर मिळेल. दुसऱ्यासाठी कर्व्ह मोजावा लागेल. तिसरं सगळ्यात फसवं आहे, कारण तिथे दोष डेकात नसतोच. तरीही क्रम सोडू नका. वरच्या तपासण्या फुकटच्या आहेत आणि खालच्या तपासण्यांना वेळ आणि डस्ट लागते.

तपासणी १: पॅच नोट्स आणि डेक शेजारी ठेवून किमती जुळवा

पाच मिनिटांचं काम आहे. पॅचमध्ये बदललेल्या कार्डांची यादी घ्या आणि तुमच्या डेकातल्या प्रत्येक कार्डाची किंमत, ताकद आणि मजकूर तिच्याशी ताडून पाहा. डेक सेव्ह केलेला असला तरी त्यातली कार्डं पॅचनंतर आपोआप नव्या रूपात येतात.  ३० कार्डं पूर्ण आहेत, नियमात बसतात, म्हणजे डेक खेळता येतो, एवढंच गेमला कळतं.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण २०१८ सालचं आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये ‘द विचवुड’ हा संच आला आणि त्यात गेन ग्रेमेन हे ६ मानाचं लेजंडरी कार्ड होतं. त्याची अट अशी: डेकातल्या सगळ्या कार्डांची किंमत सम असेल तर हिरो पॉवर २ऐवजी १ मानाला मिळते. त्यावर उभा राहिलेला, पॅलाडिन या क्लासचा ‘ईव्हन पॅलाडिन’ डेक फार जोरात चालला. त्याचं मुख्य हत्यार होतं ४ मानाचं ‘कॉल टू आर्म्स’, जे डेकातून २ किंवा कमी मानाचे ३ मिनियन, म्हणजे लढणारे सैनिक, थेट बोर्डवर आणतं. चार मानात जवळजवळ सहा मानाचा माल, शिवाय ती तीन कार्डं डेकातून उपसली गेल्यामुळे पुढे वजनदार कार्डं हाती लागण्याची शक्यता वाढते.

मे २०१८ च्या पॅचने ‘कॉल टू आर्म्स’ ४ऐवजी ५ मानाचं केलं. एरवी एक माना वाढल्याने कार्ड एक टर्न उशिरा येतं, एवढंच. इथे मात्र ५ विषम. ते कार्ड डेकात राहिलं तर गेनची अटच मोडते आणि ३० कार्डांच्या डेकाचा पायाच निघतो.

नुकसान किती, ते पहिल्या पाच टर्नचा हिशेब मांडला की कळतं. माना दर टर्नला एकने वाढतात, त्यामुळे या पाच टर्नमध्ये एकूण १५ माना मिळतात. गेनची अट पूर्ण असताना पहिल्या टर्नला हिरो पॉवर, दुसऱ्याला २ मानाचा मिनियन, तिसऱ्याला २ मानाचा मिनियन आणि हिरो पॉवर, चौथ्याला ४ मानाचं कार्ड, पाचव्याला ४ मानाचं कार्ड आणि हिरो पॉवर. पंधराच्या पंधरा माना वापरल्या जातात. सम किमतींचा डेक विषम टर्नला अडखळला पाहिजे, पण १ मानाची हिरो पॉवर नेमकी तीच फट बुजवते.

आता अट मोडली असं धरा. पहिल्या टर्नला करण्यासारखं काही नाही. दुसऱ्याला २ माना वापरल्या. तिसऱ्याला २ मानाचा मिनियन टाकून १ माना वाया. चौथ्याला ४. पाचव्याला ५ मानाचं ‘कॉल टू आर्म्स’ हातात असेल तर ५, नसेल तर ४. म्हणजे १५ पैकी जास्तीत जास्त १३, आणि हिरो पॉवरमधून येणारे, हल्ला १ आणि जीव १ असे तीन १/१ सैनिकही गेले. ज्या डेकाचं सगळं बळ सुरुवातीला बोर्ड काबीज करण्यात आहे, त्याला हे परवडत नाही.

हा एकटा प्रसंग नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ‘लेव्हल अप!’ ५ऐवजी ६ मानाचं झालं आणि विषम किमतींवर चालणाऱ्या ‘ऑड पॅलाडिन’मधून बाहेर पडलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘फ्लेमटंग टोटेम’ २ऐवजी ३ मानाचं झालं आणि ‘ईव्हन शमन’मधून गेलं. त्याच पॅचमध्ये पॅलाडिनचं ‘इक्वॅलिटी’ २ऐवजी ४ मानाचं झालं, पण ते समच राहिल्यामुळे ईव्हन डेकात कायदेशीर होतं. म्हणून किंमत किती वाढली एवढं पाहून थांबू नका. वाढल्यानंतर ती डेकाच्या अटीत बसते का, तेही पाहा. किंमत कमी झाली असेल तरी हाच प्रश्न विचारायचा. स्वस्त झालेलं कार्डसुद्धा समचं विषम होऊ शकतं.

उलट बाजूने एक मोह होतो, तोही सांगायला हवा. ‘कॉल टू आर्म्स’ विषम झालं म्हणजे ते बाकू द मूनईटर या विषम किमतींची अट असलेल्या कार्डाच्या ऑड डेकात टाकता येतं. येतं खरं, पण त्या डेकात २ मानाचा एकही मिनियन नसतो. त्यामुळे ते फक्त १ मानाचे मिनियन ओढणार: ५ मानात ३ मानाचा माल. कार्ड नियमात बसतं म्हणून ते डेकात बसेलच असं नाही.

तपासणी २: डेक खरंच हरतोय का?

अट मोडलेली नसेल तर कार्डांना हात लावण्याआधी गेम मोजा. ५० टक्के जिंकणारा, म्हणजे अगदी ठीकठाक डेक घेतला, तरी २० गेममध्ये त्याला ८ किंवा त्याहून कमी विजय मिळण्याची शक्यता सुमारे २५ टक्के आहे. चारपैकी एकदा हे निव्वळ पत्त्यांच्या नशिबाने होतं. ५ किंवा त्याहून कमी विजय मात्र साधारण ५० वेळांतून एकदाच येतात. तेवढे कमी आले तर डेकात किंवा मेटात, म्हणजे समोर भेटणाऱ्या डेकांत, काहीतरी बदललं आहे असं मानायला हरकत नाही.

म्हणून सहा-सात गेम हरल्यावर डेक मोडू नका. वीस गेमची नोंद ठेवा, आणि प्रत्येक गेमसाठी तीनच गोष्टी लिहा: समोरचा क्लास आणि डेकाचा प्रकार, तुम्ही पहिले खेळलात की दुसरे, आणि पहिल्या पाच टर्नमध्ये किती माना वाया गेल्या. ही शेवटची नोंद बहुतेक जण ठेवत नाहीत आणि पुढच्या तपासणीत तीच सगळ्यात उपयोगी पडते. डेक ट्रॅकर वापरत असाल तर पहिल्या दोन नोंदी आपोआप होतात.

तपासणी ३: कर्व्ह मोजा, सरासरी नको

माना कर्व्ह म्हणजे कोणत्या किमतीची किती कार्डं डेकात आहेत त्याचा आलेख. कलेक्शनमध्ये डेकाच्या नावावर माउस नेला की ० ते ७+ असे उभे खांब दिसतात. बरेच खेळाडू त्याऐवजी सरासरी किंमत पाहतात आणि तिथेच फसतात. १ मानाची १५ आणि ५ मानाची १५ कार्डं असलेल्या डेकाची सरासरी ३. सगळीच्या सगळी ३ मानाची कार्डं असलेल्या डेकाचीही ३. पण पहिला डेक चौथ्या टर्नला अडतो, दुसरा पहिल्या दोन टर्नना नुसता बसून राहतो. दोघांचे आजार वेगळे आहेत आणि सरासरीत त्यातलं काहीच दिसत नाही.

पाहायचं ते असं: ठरलेल्या टर्नला त्या किमतीचं कार्ड हातात असण्याची शक्यता किती? पहिले खेळताना सुरुवातीला ३ कार्डं मिळतात. समजा, २ मानाचं कार्ड नसेल तर मलिगनमध्ये तिन्ही परत केली. परत केलेली कार्डं लगेच तुमच्याकडे येत नाहीत, आधी नवी मिळतात आणि मग जुनी डेकात मिसळली जातात. म्हणजे तुम्ही प्रत्यक्षात ६ वेगळी कार्डं पाहता. त्यानंतर पहिल्या आणि दुसऱ्या टर्नची दोन. या हिशेबाने दुसऱ्या टर्नपर्यंत २ मानाचं किमान एक कार्ड मिळण्याची शक्यता अशी येते:

- डेकात अशी ४ कार्डं असतील तर सुमारे ७२ टक्के
- ६ असतील तर सुमारे ८६ टक्के
- ८ असतील तर सुमारे ९४ टक्के

दुसरे खेळताना सुरुवातीला ४ कार्डं मिळतात, त्यामुळे आकडे सुधारतात. ६ कार्डांना ९३ टक्के. शिवाय एका टर्नला एक जादा माना देणारं कॉइन हाती असतं. म्हणून कर्व्ह जोखताना पहिले खेळण्याचाच हिशेब धरा, कारण कमजोरी तिथे उघडी पडते.

४ वरून ६ वर गेलात की १४ टक्क्यांची भर पडते, ६ वरून ८ वर गेलात की फक्त ८ टक्क्यांची. सुरुवातीला बोर्ड घेणाऱ्या डेकाला आठ कार्डं हवीतच. सावकाश खेळणाऱ्या कंट्रोल डेकाला सहा पुरतात. आठच्या पुढे प्रत्येक स्वस्त कार्ड दहाव्या टर्नला नको तेव्हा हातात येतं आणि त्याची किंमत तिथे मोजावी लागते.

पॅच इथे नेमकं काय बिघडवतो? सप्टेंबर २०१७ मध्ये वॉरियरचं ‘फायरी वॉर ॲक्स’ २ऐवजी ३ मानाचं झालं. कागदावर एक मानाचा फरक. पण वॉरियरच्या २ मानाच्या जागेतली दोन कार्डं एकदम नाहीशी झाली आणि ३ मानाच्या जागेत, जिथे आधीच दाटी होती, तिथे दोन वाढली. सहा कार्डांचा स्लॉट चारवर आला तर दुसऱ्या टर्नला हात रिकामा असण्याचा धोका १४ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर, म्हणजे दुप्पट होतो. हाती आलेलं ते शस्त्र एक टर्न उशिरा चालतं, हे नुकसान लगेच दिसतं. दुसऱ्या टर्नला पडलेलं भगदाड दिसत नाही. म्हणून वीस गेमच्या नोंदींत ‘वाया गेलेल्या माना’ कोणत्या टर्नला साठल्या आहेत ते पाहा. एकाच टर्नला साठल्या असतील तर बिघाड त्याच खांबात आहे.

तपासणी ४: बदली कार्ड त्याच कामाचं आणि त्याच जागेचं हवं

आता पहिल्यांदा डेक उघडायचा. ईव्हन पॅलाडिनचंच उदाहरण पुढे नेऊ. समजा डेकात २ मानाची १२, ४ मानाची १०, ६ मानाची ६ आणि ८ मानाची २ कार्डं होती. ‘कॉल टू आर्म्स’च्या दोन प्रती काढल्या की ४ मानाच्या जागेत ८ उरतात आणि डेक २८ वर येतो.

सहज सुचतं ते असं की ४ मानाची दोन चांगली कार्डं आणून टाकावीत. त्याआधी हे पाहा, की काढलेल्या कार्डासाठी डेकातल्या कोणत्या कार्डांची निवड झाली होती. ‘कॉल टू आर्म्स’ने डेकातून ओढलेल्या मिनियनचा बॅटलक्राय चालत नाही. तो फक्त हातातून खेळल्यावर चालतो. म्हणून त्या डेकात २ मानाचे मिनियन असे घेतलेले असत, ज्यांचं बळ बोर्डवर उभं राहण्यात आहे: ‘नाइफ जगलर’, ‘डायर वुल्फ अल्फा’, मेल्यावर कार्ड देणारा ‘लूट होर्डर’. ‘कॉल टू आर्म्स’ गेल्यावर हे बंधन उरत नाही. बॅटलक्रायने समोरचं शस्त्र मोडणारं ‘ॲसिडिक स्वॉम्प ऊझ’ आता तितक्याच हक्काने उमेदवार ठरतं. एक कार्ड गेलं की त्याच्या आधाराने आलेल्या कार्डांचं मूल्यही बदलतं, आणि बहुतेक दुरुस्त्या इथेच चुकतात. मुख्य कार्ड काढलं जातं, त्याच्या सोयीसाठी घेतलेली चार कार्डं मात्र तशीच राहतात.

दुसरं म्हणजे हात लवकर रिकामा होणार. आधी एका कार्डात तीन मिनियन येत होते, आता तेवढ्यासाठी तीन कार्डं खर्च होतील. पॅलाडिनचं हात भरणारं ‘डिव्हाइन फेव्हर’ ३ मानाचं, म्हणजे ते इथे चालत नाही. मग लूट होर्डरच्या दोन्ही प्रती ठेवणं आणि प्रत्येक टर्नला हिरो पॉवर वापरता येईल अशा बेताने खेळणं, हेच हाती उरतं.

तेव्हा भरणी अशी करा: एक कार्ड २ मानाचं, एक ४ मानाचं. कर्व्ह १३, ९, ६, २ असा होतो. एका वेळी दोनच कार्डं बदला आणि वीस गेम खेळा. सहा बदललीत तर सुधारणा झाली तरी कशामुळे झाली ते कळणार नाही.

तपासणी ५: डेक तोच, मग बाहेर काय बदललं?

किमती जुळल्या, कर्व्ह ठीक आहे, माना वाया जात नाहीत, तरी हार होते. मग नोंदवहीतल्या विरोधी डेकांची संख्या पॅचआधीच्या आठवड्याशी ताडून पाहा.

समजा, तुमचा डेक ‘अ’ प्रकाराला ६० टक्के वेळा हरवतो, ‘ब’समोर ४० टक्के जिंकतो आणि बाकी सगळ्यांशी ५०-५०. पॅचआधी दर शंभर गेममध्ये ३० वेळा अ, १५ वेळा ब आणि ५५ वेळा बाकीचे भेटत होते. विजय: १८ + ६ + २७.५, म्हणजे ५१.५ टक्के. पॅचने अ कमजोर झाला, लोकांनी तो सोडला, आणि अच्या दबावाखाली असलेला ब वर आला. आता अ १० वेळा, ब ३० वेळा, बाकीचे ६० वेळा भेटतात. विजय: ६ + १२ + ३०, म्हणजे ४८ टक्के. तुमच्या एकाही कार्डाला हात न लागता साडेतीन टक्के गेले आणि वर चढणारा डेक खाली घसरायला लागला. सगळ्यात चांगला डेक पॅचनंतर बदलतो तो मुख्यतः या कारणाने. नर्फ, म्हणजे पॅचने केलेली कपात, एका डेकाला होतो, पण त्याचं भक्ष्य आणि त्याचे शिकारी दोघांचीही गणितं हलतात.

इथे डेक दुरुस्त करायचा तर विशिष्ट विरोधकासाठी घेतलेली कार्डं तपासा. मे २०१८ च्याच पॅचमध्ये वॉरलॉकचं ‘पझेस्ड लॅकी’ ५ऐवजी ६ मानाचं झालं आणि ‘डार्क पॅक्ट’ ८ऐवजी ४ जीव द्यायला लागलं. दोन्ही वॉरलॉकच्या क्यूबलॉक या डेकाची कार्डं. त्या डेकाच्या डेथरॅटलवर, म्हणजे मिनियन मेल्यावर होणाऱ्या परिणामावर, ‘स्पेलब्रेकर’चं तो परिणाम पुसणारं सायलेन्स फार कामी यायचं. क्यूबलॉक कमी भेटायला लागले तर तेच स्पेलब्रेकर ४ मानाचं साधं ४/३ उरतं. म्हणून वरच्या भरणीत ४ मानाची मोकळी जागा डोळे झाकून दुसऱ्या स्पेलब्रेकरला देऊ नका. नोंदींत डेथरॅटलवाले दर पाच गेममागे एकदाही भेटत नसतील तर तिथे ‘सॅरोनाइट चेन गँग’ बरं: एका कार्डात आधी मारावेच लागतात असे दोन टॉन्ट मिनियन, आणि रिकाम्या हाताची अडचणही थोडी हलकी होते.

डस्ट खर्च करण्याआधी

नर्फ झालेलं कार्ड ठरावीक मुदतीत, साधारण दोन आठवडे, मोडलं तर त्याची पूर्ण घडणावळ परत मिळते. मुदत पॅच नोट्समध्ये दिलेली असते. ‘कॉल टू आर्म्स’ एपिक होतं, म्हणजे एरवी मोडल्यावर १०० डस्ट देणाऱ्या प्रतीचे पूर्ण ४०० मिळत. मुदतीत मोडून पुढे पुन्हा हवं वाटलं तर तेवढ्याच डस्टमध्ये घडवता येतं. त्यामुळे नर्फ झालेलं कार्ड त्या मुदतीत मोडण्यात तोटा नाही.

तोटा असतो तो शेजारच्या कार्डात. गेनला पॅचने हात लावला नव्हता. त्यामुळे त्याला परतावा नाही: घडवायला १६००, मोडल्यावर ४००. डेक पडला म्हणून रागाने असं कार्ड मोडू नका. नवा डेक घडवायचाच असेल तर पहिला आठवडा थांबा. सुरुवातीचे दिवस लोक नवे डेक चाचपत असतात आणि त्या दिवसांतला राजा दुसऱ्या आठवड्यात टिकेलच असं नाही. परताव्याची मुदत तोवर चालूच असते.

कुठे थांबायचं आणि कोणाला विचारायचं

दोन वेळा, दोन-दोन कार्डं बदलून, प्रत्येकी वीस गेम खेळूनही डेक ४५ टक्क्यांच्या खाली असेल तर स्वतः खटपट करणं थांबवा. चाळीस गेममधून एकट्याला यापेक्षा जास्त कळणार नाही. एचएसरिप्लेसारख्या ठिकाणी हजारो गेमची आकडेवारी एकत्र असते. तिथे तुमच्या डेकाचा अख्खा प्रकारच खाली गेलेला दिसला तर डेक बाजूला ठेवा. प्रकार वर आणि तुम्हीच खाली असाल तर दोष डेकाचा नाही, खेळण्याचा आहे. अशा वेळी हरलेल्या तीन गेमचे रिप्ले लेजंड रँकवर नियमित खेळणाऱ्या कोणालातरी दाखवा आणि मलिगनपासून प्रत्येक निर्णय विचारा. त्यांना डेकाची यादी देऊन भागत नाही, रिप्लेच हवेत.

कार्डावर लिहिलेलं आणि कार्ड करतं ते जुळत नसेल तर तो बग आहे आणि डेक बदलून तो जाणार नाही. पॅचच्या माहितीत ज्ञात त्रुटींची यादी पाहा. तिथे नसेल तर स्क्रीनशॉट, पॅचचा क्रमांक आणि कोणत्या क्रमाने कार्डं खेळली ते लिहून ब्लिझार्डला कळवा, आणि दुरुस्ती येईपर्यंत ते कार्ड रँक्ड गेममध्ये नेऊ नका. परताव्याची डस्ट जमा झाली नाही तरीही त्यांच्या सपोर्टकडेच जायचं, आणि मुदत संपण्याआधी जायचं. ‘अकाउंट द्या, रँक चढवून देतो’ म्हणणाऱ्याला पासवर्ड देऊ नका. ते नियमाविरुद्ध आहे आणि अकाउंट बंद झालं तर कलेक्शनही त्याच्याबरोबर जातं.